गणवेशाचे कापड सराफाच्या काट्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, पण गणवेशाचे कापड ठरते एप्रिल-मेमध्ये, दुकानातल्या पंख्याखाली. ताका उलगडला जातो, कापड मुठीत चुरगळले जाते, घडी पडली नाही की सगळ्यांचे एकमत होते. घडी न पडणे याचा अर्थ एवढाच की त्यात पॉलिएस्टर भरपूर आहे. परभणी-लातूरकडच्या मुलाला पहिले दोन आठवडे उन्हाच्या झळा, मग चिखलाचे तीन-चार महिने, त्यानंतर ऑक्टोबरचा उकाडा आणि मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतून भर उन्हात परत येणे, हे सगळे त्याच कापडात काढायचे असते. डिसेंबर २०२४ च्या शासन निर्णयाने गणवेश खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला आहे. एका गणवेशामागे ३०० रुपये मिळतात, त्यातच कापड आणि शिलाई बसवायची. पैसे तेवढेच असले तरी ताका निवडण्यात फरक पडतो, म्हणून हे पत्र.

आधी शर्ट, कारण घाम तिथेच जास्त. बाजारात ज्याला टेरीकॉट म्हणतात त्यात साधारण ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कापूस असतो. शंभर ग्रॅम कापूस हवेतला साडेआठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. या हिशेबाने ६७-३३ चे कापड तीन ग्रॅमच्या आसपास धरते, तर ६० टक्के कापूस असलेले सव्वापाच. शुद्ध पॉलिएस्टरच्या शर्टात घाम कापडात न शिरता अंगावरच राहतो. मग मानेवर, काखेत घामोळ्या उठतात. कापसाच्या मुलखातली मुले उन्हाळ्यात पॉलिएस्टर घालतात, हे आपल्याला एव्हाना खटकतही नाही.

म्हणून शंभर टक्के सुती घ्या, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सुती कापड आटते, चुरगळते, रंग लवकर उतरतो, आणि खरी अडचण येते जुलैत. दोनच गणवेश असतात. चिखलात भरलेला शर्ट संध्याकाळी धुवायचा, घरात दोरीवर टाकायचा आणि त्यातलाच एखादा सकाळी साडेनऊला घालायचा. जाड सुती शर्टाची कॉलर आणि बटणपट्टी, जिथे कापडाचे दोन-तीन थर आणि मध्ये बकरम असतो, सकाळीही ओलसर राहते. तसाच घातला की दुपारपर्यंत कुबट वास येतो. तेव्हा शर्टासाठी मध्यम मार्ग बरा: ५५ ते ६० टक्के कापूस, बाकी पॉलिएस्टर, आणि कापड हलके.

हलके किती, हे हाताला कळत नाही, कारण नव्या कापडात खळ असते. खळीने पातळ, विरळ कापडही भरीव लागते. याला उपाय सोपा आहे. ताका पसंत करण्याआधी त्यातले अर्धा मीटर विकत घ्या. त्यातून दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद असा चौकोन पट्टीने आखून कापा आणि ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम भरेल त्याला शंभराने गुणले की एका चौरस मीटरचे वजन मिळते, ज्याला व्यापारी जीएसएम म्हणतात. कापताना बाजू प्रत्येकी एक मिलिमीटर चुकली तर दोन टक्क्यांचा फरक पडतो, तेवढा चालेल. मग तोच चौकोन गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, चोळून धुवा, खडखडीत वाळवा आणि पुन्हा तोला. कडेचे सुटलेले धागेही काट्यावर ठेवा, नाहीतर हिशेब फसेल.

समजा, आधी १.४० ग्रॅम भरले आणि धुतल्यावर १.१५. म्हणजे चौरस मीटरमागे पंचवीस ग्रॅम खळ होती आणि तुमचे खरे कापड ११५ जीएसएमचे आहे. शर्टाला ११० ते १२५ जीएसएम ठीक. पाचवीतल्या मुलाच्या अर्ध्या बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे सव्वा मीटरच्या आसपास कापड लागते. ११५ जीएसएमने ते १३० ग्रॅम होते, १५० जीएसएमने १७० ग्रॅम. तो चाळीस ग्रॅमचा जादा कापूस पाणी धरून बसतो आणि रात्रभर वाळत नाही. शंभराच्या खाली गेलात तर शर्ट पाठीला पारदर्शक होतो आणि शिवण ताणली की धागे सरकतात. धुतल्यावर २५ टक्के किंवा त्याहून अधिक वजन गेले, तर तो ताका परत ठेवायला सांगा.

उरलेल्या तुकड्यावर पेनाने चाळीस सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. उभ्या दिशेने ४० चे ३८.४ झाले तर कापड चार टक्के आटले. अठ्ठावन्न सेंटिमीटरचा शर्ट पहिल्या धुण्यातच सव्वादोन सेंटिमीटर आखूड होणार आणि खोचला तरी बाहेर येणार. दोन टक्क्यांपर्यंत दुर्लक्ष करता येते. त्यापुढे असेल तर शिवण्याआधी सगळे कापड भिजवून वाळवून घ्यायला शिंप्याला सांगावे लागते. एकगठ्ठा शंभर-दीडशे शर्ट शिवताना हे काम सर्रास टाळले जाते, कारण भिजवलेले कापड इस्त्री केल्याशिवाय नीट कापता येत नाही.

कापूस आहे की नाही, हे धागा जाळून कळते, पण दोन्ही दिशांचे धागे काढा. कधी ताण्यात सगळे पॉलिएस्टर आणि बाण्यात तेवढा कापूस, असेही कापड येते. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा, शेजारी पाणी ठेवा. पॉलिएस्टर आक्रसत वितळते आणि गार झाल्यावर नखाने न फुटणारा काळा कडक मणी उरतो. कापूस कागदासारखा जळतो, राख बोटाने उडते. मिश्र कापडात वास कागदाचा आणि टोकाला खरखरीत काळी खपली असते. यातून प्रमाण मात्र कळत नाही. साठ-चाळीस की सदुसष्ट-तेहेतीस, ते दुकानदाराने बिलावर लिहून द्यावे. लिहून द्यायला कां-कूं झाली तर काय समजायचे ते समजा.

पँट आणि स्कर्टसाठी आमचा आग्रह वेगळा आहे. बसून-उठून, घासून तिथे कापड झिजते, त्यामुळे पॉलिएस्टर-व्हिस्कोस, साधारण ६५-३५, १८० ते २१० जीएसएमचे सुटिंग चालते. व्हिस्कोस कापसापेक्षाही जास्त ओलावा धरते, म्हणून ते कापड अंगाला बरे लागते. सातवीपर्यंत मुलांना अर्धी पँट ठेवली तर पावसाळ्यात चिखल पायावर पडतो आणि पाय धुता येतात. फुल पँटचा तळ मात्र ओलाच राहतो. शिवताना खालच्या दुमडीत दोन इंच आणि पाठीमागच्या शिवणीत एक इंच दाब सोडायला सांगा. कमरेला पूर्ण इलॅस्टिक नको, फक्त मागच्या अर्ध्या भागात असावे. घट्ट इलॅस्टिकखाली घाम साचून कमरेला जो पट्टा उमटतो, तिथेच पुढे नायटा होतो.

आता बूट. काळे चकचकीत शाळेचे बूट बहुतेक रेक्झिनचे असतात, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर. हवा खेळत नाही आणि एकदा आतून भिजले की वाळत नाहीत. तळवा बघताना बूट उलटा करा. आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकण माती असते. अरुंद आणि खोल खाचांच्या तळव्यात ती घट्ट बसते आणि शंभर पावलांत एकेका बुटाला पाव किलोचे ओझे लागते. खाचा रुंद आणि उथळ असतील तर चालता चालता माती झडते. नंतर बुटाचे टोक आणि टाच धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध मोडणारा बूट पायाला आधार देत नाही. तळवा नुसता चिकटवलेला असेल तर कडेला डिंकाची पिवळट रेघ दिसते. चार-सहा वेळा भिजल्यावर टोकापासून तो उघडतो. साच्यात ओतून जोडलेला तळवा एवढ्या लवकर सुटत नाही.

नंबराची चूक सगळ्यात जास्त होते. 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतला जातो. संध्याकाळी, मूल उभे असताना, कागदावर दोन्ही पायांची टाचेपासून लांब बोटापर्यंत लांबी घ्या आणि मोठा पाय धरा. समजा २१ सेंटिमीटर आला. आता खराट्याचा एक हीर बुटात टाचेपासून टोकापर्यंत सरळ घाला, कापा आणि मोजा. तो २२.२ च्या जवळ हवा, म्हणजे पुढे बारा मिलिमीटर मोकळे. या वयात पाय वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा तेवढ्यात शाळेचे वर्ष निघते. एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरचा असतो. दोन नंबर मोठा घेतला की पुढे जवळपास तीन सेंटिमीटर पोकळी राहते, पाय आत घसरतो, टाच उचलली जाते आणि आठवड्यात टाचेला फोड येतो. टोकाला कापूस कोंबून टाच पकडली जात नाही.

सरकारी योजनेत एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोज्यांसाठी १७० रुपये धरलेले आहेत. एवढ्यात चांगला बूट शोधण्यापेक्षा पावसाळ्याच्या महिन्यांत मुलांना मागे पट्टा असलेली उघडी सँडल घालू द्यायची मुभा शाळांनी द्यावी आणि बूट ऑक्टोबरपासून वापरायला काढावेत. बूट भिजलेच तर चुलीजवळ किंवा पत्र्यावर ठेवू नका, रेक्झिन तडकते आणि डिंक सुटतो. आतले पान बाहेर काढा, जुने वर्तमानपत्र कोंबा आणि तासाभराने ते बदला, नाहीतर ओला कागद आतच बसून राहतो. पायमोजे निदान दोन तृतीयांश सुती हवेत. निव्वळ नायलॉनचे पायमोजे ओल्या बुटात घातले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. दर शनिवारी मुलाच्या चौथ्या आणि पाचव्या बोटांच्या मधली जागा उघडून बघा, सुरुवात तिथेच पांढऱ्या, भिजलेल्या कातडीने होते.

आपले,
शिलाई व पादत्राणे व्यवसायातील काही वाचक,
परभणी