वैजूस पत्र: रोजचे शब्द, आठवड्याची बेरीज

सदाशिव पेठ, पुणे ३०
१४ जून

प्रिय वैजू,

पत्र मिळालं. पानशेतच्या पुरावरची कादंबरी तू खरोखरच लिहायला घेतलीस, हे वाचून फार आनंद झाला. आईंनी सांगितलेलं सगळं तुझ्या वह्यांमध्ये नुसतं पडून राहणार, अशी मला काळजी होती. तू विचारलंयस, ‘रोज हजार शब्दांचं ठरवलं होतं, चार दिवसांत बारगळलं, आता काय करू?’ त्याचंच उत्तर सविस्तर लिहिते.

आधी तो हजाराचा आकडा सोड. तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या पुस्तकांतून आपल्याकडे आलाय आणि आपल्या भाषेला तो जड जातो. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘वाड्याच्या मागच्या दारापाशी’ एवढं सगळं तीन शब्दांत होतं. त्यामुळे मराठीत हजार शब्द लिहायचे म्हणजे मजकूर बराच जास्त लिहावा लागतो. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाने रोज पाचशे धरावेत. छापील पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात असं धरलं, तर ती रोजची दोन पानं झाली. तुझी कादंबरी साठ हजार शब्दांची, म्हणजे दोनशे चाळीस पानांची होईल. आठवड्याला पाच दिवस धरून अडीच हजार शब्द झाले, तर पहिला खर्डा चोवीस आठवड्यांत होतो. त्यात गणपती आणि दिवाळी येणार, म्हणून सात महिने धर.

तू हाताने लिहितेस, तेव्हा शब्द मोजत बसू नकोस. तुझ्या एका फुलस्केप पानावरच्या कुठल्याही पाच ओळी मोज आणि सरासरी काढ. ओळीला नऊ शब्द आणि पानाला पंचवीस ओळी असतील, तर पान सव्वादोनशेचं झालं. मग रोज सव्वादोन पानं, एवढंच लक्षात ठेवायचं. पुढे गुगल डॉक्समध्ये टाइप करशील तेव्हा त्या दिवसाचा मजकूर निवडून `Ctrl+Shift+C` दाबलंस की तेवढ्याच भागाचा आकडा दिसतो.

आता प्रॉम्प्ट, म्हणजे त्या दिवशी नेमकं कशावर लिहायचं ते. माझ्या मते तुझं गाडं इथेच अडलंय. तू लिहिलेल्या विषयांची यादी पाहिली: ‘पुरानंतरचं पुणं’, ‘पावसाळी सकाळ’, ‘आत्याचा एकटेपणा’. यावर ललित लेख चांगले होतील, कादंबरी मात्र पुढे सरकणार नाही. कादंबरीकाराचा प्रॉम्प्ट त्याच्या कादंबरीतूनच यावा लागतो आणि तो प्रश्न असावा लागतो. त्यात एक माणूस हवा, त्याला त्या क्षणी हवी असलेली एक वस्तू हवी आणि ती मिळू न देणारं कुणीतरी किंवा काहीतरी तिथे हजर हवं. ‘आत्याला काय वाटलं?’ असं विचारलंस तर आत्या खिडकीत बसून आठवणी काढत राहते. दोनशे शब्द झाले तरी पात्र अजून आठवतच बसलंय असं दिसलं, की प्रॉम्प्ट चुकला असं समजावं.

तुझ्या कादंबरीतल्या आत्याचंच उदाहरण घेते. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर आत्या नारायण पेठेतल्या वाड्यात परत येते. तुझ्या टिपणात हे एका ओळीत आहे. त्याचा सोमवारचा प्रॉम्प्ट मी असा लिहीन: ‘माजघरात गुडघाभर चिखल. आत्याला भिंतीतल्या कपाटातलं वाड्याचं खरेदीखत हवंय. शेजारच्या बिऱ्हाडातला दत्तू तिच्या आधीच तिथे उभा आहे. पहिलं कोण बोलतं?’ यावर लिहायला बसलीस की विचार करायला फुरसतच मिळत नाही. दत्तूच्या हातात डालड्याच्या डब्याचं झाकण आहे, त्याने तो कपाटासमोरचा चिखल खरवडतोय आणि आत्या दारात आलेली पाहूनही हात थांबवत नाही. तो आत्याला मदत करतोय की स्वतःसाठी काही शोधतोय, हे तुलाही अजून माहीत नाही. ते कळण्यासाठीच पाचशे शब्द लिहायचे.

प्रॉम्प्ट आदल्या रात्री लिहून ठेवायचा, ही माझी एकच सक्त सूचना आहे. सकाळी उठून विषय शोधायला लागलं की लिहायचा तासच त्यात जातो. मी रात्री ओटा आवरून झाला की वहीच्या उजव्या पानावर, अगदी वर, उद्याचा प्रश्न दोन-तीन ओळींत लिहिते आणि वही तशीच उघडी ठेवते. दुसऱ्या दिवशीचा प्रश्न बहुतेक वेळा त्या दिवशीच्या लिखाणातूनच निघतो. सोमवारी कपाट उघडलं आणि खरेदीखताच्या जागी दत्तूच्या आईचं मंगळसूत्र निघालं, तर मंगळवारचा प्रश्न आपसूक तयार झाला. म्हणून शब्द पूर्ण झाले की प्रसंग संपवण्याच्या मागे लागू नकोस. पुढचं वाक्य माहीत असतानाच पेन ठेव आणि ते वाक्य समासात दोन शब्दांत टिपून ठेव.

तुझ्या विषयात एक खास अडचण येणार आहे. लिहिता लिहिता वाटणार, लकडी पुलावरून पाणी नेमकं किती वाजता गेलं? पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या निसेन हटमध्ये आत कशी रचना होती? की लगेच तू मोबाइल उघडणार आणि त्या दिवसाचे शब्द तिथेच संपणार. अशा ठिकाणी चौकटी कंसात [तपास: लकडी पूल, वेळ] असं लिही आणि पुढे जा. शनिवारी दुपारी सगळे कंस एकत्र काढ. त्यातल्या कित्येकांची मुळात गरजच नव्हती असं तेव्हा दिसतं. प्रसंगाला वेळ कळावी लागत नाही, पाणी चढतंय हे कळावं लागतं. जे खरंच लागतील त्यांच्यासाठी मी इथे ग्रंथालयात जाऊन १९६१ ची वर्तमानपत्रं काढून बघेन, तू यादी पाठव. चिखलाबद्दल मात्र तुला कुणाला विचारायला नको. २०१९ मध्ये सांगलीत पाणी उतरल्यावर तू स्वतः घर धुतलंयस. भिंतीवर कुठवर रेघ राहते, फुगलेली दारं कशी अडतात, धान्य कुजल्याचा वास किती दिवस जात नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आठवड्याच्या बेरजेबद्दल आता सांगते. अँथनी ट्रोलोप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरी करायचा आणि पहाटे लिहायचा. प्रत्येक पुस्तकासाठी तो आठवड्यांचे रकाने आखलेली डायरी ठेवायचा आणि रोज किती पानं झाली ते तीत नोंदवायचा. त्याचं पान अडीचशे शब्दांचं आणि आठवड्याची सरासरी चाळीस पानं. त्याची चाळीस पानं आपण विसरून जाऊ. आपल्या कामाची आहे ती आठवड्याची चौकट. रोजचा हिशेब ठेवला की एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी हजार, तोही चुकला तर दीड हजार, असा डोंगर वाढत जातो आणि माणूस वहीच उघडेनासा होतो. तुझं चार दिवसांत बारगळलं ते असंच. म्हणून उद्दिष्ट आठवड्याचं ठेव, अडीच हजार. रविवारी रात्री बेरीज कर, खाली रेघ मार आणि तूट पुढच्या आठवड्यात ओढू नकोस. रोजची किमान मर्यादा फक्त तीनशेची. जमेल त्या दिवशी पाचशे किंवा जास्त.

तक्त्यात तीन रकाने पुरतात: नवे शब्द, खोडलेले शब्द आणि ‘कुठे थांबले’. खोडलेले शब्द नव्यातून वजा करायचे नाहीत, शेजारी मांडायचे. पहिल्या खर्ड्यात वजाबाकी करायला लागलं की हात खोडायला घाबरतो आणि वाईट परिच्छेद केवळ आकड्यासाठी टिकून राहतो.

हा तक्ता वाचायचा कसा, ते एका आठवड्यावरून सांगते. समज, सोमवारी ४८०, मंगळवारी ५१०, बुधवारी ३९०, गुरुवारी शून्य, शुक्रवारी ६२०, शनिवारी ४५०. बेरीज २४५०, म्हणजे आठवडा पार पडल्यासारखाच. गुरुवारच्या शून्याची काळजी नको. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की सकाळ भरून ठेवण्यातच जाते, म्हणून मी तो दिवस आधीच सोडून देते. तुझ्याकडे असाच एखादा वार असेल, तो हेरून ठेव. बुधवारी ३९० का, हे तिसऱ्या रकान्यात दिसतं: त्या दिवशी नवा प्रसंग सुरू झाला. जागा, वेळ, कोण कुठे उभं आहे हे बसवताना शब्द कमीच होतात, ते साहजिक आहे. मला शंका येईल ती शुक्रवारच्या ६२० ची. तिथे ‘आत्या-दत्तू बोलणं’ असं लिहिलेलं असणार. संवाद भराभर वाढतात आणि ‘हो ना’, ‘मग काय तर’ यांनीही रकाना भरतो. अशा दिवसाचं लिखाण रविवारी मोठ्याने वाच. दोघांपैकी कुणी काही लपवत नसेल किंवा मागत नसेल, तर निम्मं जाईल. जाऊ दे, ते दुसऱ्या रकान्यात मांड.

लागोपाठ तीन आठवडे बेरीज दीड हजाराच्या खाली राहिली, तर मात्र उद्दिष्ट कमी करायच्या आधी ‘कुठे थांबले’ हा रकाना बघ. तिथे तेच प्रकरण, तीच खोली दिसत असेल तर अडचण वेळेची नाही, कथेची आहे. पुढे काय व्हायचं ते ठरलेलं नाही किंवा जे ठरवलंय त्यावर तुझा विश्वास नाही. अशा वेळी एक आठवडा प्रॉम्प्ट दुसऱ्या पात्राकडून लिही. तोच वाडा, तोच चिखल, पण दत्तूच्या बाजूने. ती पानं कादंबरीत आली नाहीत तरी मोजायची.

हा सगळा हिशेब पहिल्या खर्ड्यापुरताच. पुनर्लेखनाला शब्दांचा आकडा उपयोगी नाही, कारण तिथे चांगला दिवस म्हणजे सातशे शब्द कमी झालेला दिवसही असू शकतो. तेव्हा पानं मोजायची: रोज चार पानं तपासून झाली की पुरे. त्याबद्दल दिवाळीनंतर बोलू.

गणपतीच्या आधी आमच्या भागात संध्याकाळचा ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, म्हणून मी सगळं लिखाण सकाळीच उरकते. तू आलीस तर त्याच्या आधी ये. येताना आईंना विचारून ये की पूर ओसरल्यावर पहिले काही दिवस पिण्याचं पाणी कुठून आणत होते आणि ते आणायला घरातलं कोण जायचं. कुठल्या रस्त्याने जायचे, तेही विचार. तुझ्या तिसऱ्या प्रकरणाचे निदान दोन प्रॉम्प्ट त्यात आहेत असं मला वाटतं.

आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पहिल्या आठवड्याचा तक्ता फोटो काढून पाठव.

तुझी,
माधुरी