‘शेवटची मेट्रो दहाला’ म्हणजे नेमकी कुठून?

मा. संपादक,
स. न.

आमच्या बुटीबोरीकडच्या गावांतले बरेच जण आता खापरी स्टेशनवर मोटारसायकल लावून मेट्रोने नागपुरात जातात. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री दहाला शेवटची गाडी सुटते, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण दहा ही वेळ टोकाच्या स्टेशनांची आहे: खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, प्रजापती नगर आणि लोकमान्य नगर. मधल्या स्टेशनावर शेवटची गाडी किती वाजता येईल, ते आपणच हिशेब करून काढायचं.

एक माणूस मेयोत भरती असलेल्या नातेवाइकाला डबा देऊन खापरीला परत निघाला, असं धरा. त्याला दोसर वैश्य चौकातून ॲक्वा लाइन पकडून सीताबर्डीला ऑरेंज लाइनवर बदलायचं आहे. प्रजापती नगरहून दहाला सुटलेली गाडी दोसर वैश्य चौकात साधारण दहा-बाराला येईल आणि सीताबर्डीला दहा-वीसच्या आसपास पोचेल. ऑटोमोटिव्ह चौक मात्र सीताबर्डीला जवळ. तिकडून दहालाच सुटलेली खापरीची शेवटची गाडी सव्वादहाच्या सुमारास सीताबर्डी सोडून गेलेली असणार. म्हणजे आपल्या माणसाला शेवटची मेट्रो मिळाली, तरी तो बर्डीवरच अडकला! शिवाय तिथे दोन्ही लाइनचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. जिने चढायला-उतरायला दोन-तीन मिनिटं लागतातच, म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त.

दिवसा हे जाणवत नाही. गर्दीच्या वेळी साधारण दहा मिनिटांनी आणि एरवी पंधरा मिनिटांनी गाडी असते, एक चुकली तर दुसरी येते. रात्री दुसरी येत नाही. म्हणून बदली असेल तर शेवटची गाडी आपली नाहीच असं समजून तिच्या आधीची धरावी. वरच्या माणसाने पावणेदहालाच दोसर वैश्य चौकाच्या फलाटावर असावं. मग तो दहा-पाचपर्यंत सीताबर्डीला पोचेल आणि खापरीची गाडी निवांत मिळेल. बदली नसलेल्यांना उलट थोडी सवड आहे: झिरो माइलला बसून थेट खापरीला जाणाऱ्याला दहानंतरही गाडी मिळते. ‘दहा वाजले, आता मेट्रो संपली’ म्हणत उगाच ऑटोवाल्याच्या तोंडी लागणारे मी पाहिले आहेत.

मेट्रो प्रशासनाकडे दोनच मागण्या. प्रत्येक स्टेशनच्या दारावर, आत शिरण्याआधी दिसेल असं, त्या स्टेशनची दोन्ही दिशांची पहिली आणि शेवटची गाडी मिनिटांसह लिहा, आणि सीताबर्डीला बदली करून मिळणारी शेवटची गाडी वेगळी दाखवा. दुसरं, शेवटची खापरी गाडी सीताबर्डीला प्रजापती नगरची गाडी येईपर्यंत थांबवा. जामठ्याला क्रिकेटचा सामना असला की मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालवता येते, मग रोज सात-आठ मिनिटं थांबवायला काय हरकत आहे?

– एक वाचक, बुटीबोरी परिसर, जि. नागपूर