हिरव्या ठिपक्याखालची लाख

महोदय,

नातीच्या वाढदिवसाला सोसायटीतल्या मुलांना वाटायला मी ठाण्यातल्या एका दुकानातून परदेशी गोळ्यांची आठ पाकिटं आणली. गुलाबी मार्शमेलो आणि चकचकीत रंगीत जेली बीन्स. हिरवा ठिपका पाहूनच घेतली. संध्याकाळी समोरच्या जैन वहिनी पाकीट घेऊन दारात उभ्या. ‘काकू, मुलाने दोन खाल्ल्या हो. यात जिलेटिन लिहिलंय.’ त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ठिपका मूळ पाकिटावर नव्हताच. तो आयात करणाऱ्याने चिकटवलेल्या स्टिकरवर होता आणि स्टिकरने घटकांची अर्धी यादी झाकली होती. तो नखाने सोलून काढला तेव्हा खाली तीन शब्द सापडले: gelatine, E120, E904.

जिलेटिन गुरांच्या किंवा डुकरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून करतात. हाडं सौम्य आम्लात ठेवून त्यांतले क्षार काढतात, मऊ पडलेलं हाड चुन्याच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरतं आणि मग गरम पाण्यात त्याचा रस उतरवतात. जिलेटिन अंगाच्या उबेला वितळतं, म्हणूनच मार्शमेलो जिभेवर विरघळतो. घरी केलेल्या जेलीत फरक लगेच कळतो. मे महिन्यात फ्रीजबाहेर ठेवली तर जिलेटिनची जेली पातळ होते, चायना ग्रासची घट्टच राहते. ते समुद्री शेवाळापासून होतं आणि वितळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं.

E120 म्हणजे कार्माइन. पेरू देशात फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचे किडे पोसतात, त्यांच्या माद्या खरवडून वाळवतात आणि पाण्यात उकळून, तुरटीसारखा क्षार घालून लाल रंग खाली बसवतात. एक किलो वाळलेल्या किड्यांत सुमारे दीड लाख किडे भरतात. उजेडात आणि उष्णतेत हा रंग टिकतो, म्हणून स्ट्रॉबेरीची पेयं आणि गुलाबी मिठाया करणाऱ्यांना तो हवासा वाटतो. पण नावांत गफलत होऊ देऊ नका. कार्मोइसिन, म्हणजे 122, हा कारखान्यात तयार होणारा रंग आहे, त्यात किडा नाही. 124 ला तर परदेशात ‘कोचिनील रेड ए’ म्हणतात, तरी तोही कृत्रिमच. वाचायचा तो आकडा.

जिलेटिन आणि कार्माइन या दोन्हींमुळे पाकिटावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण यायला हवा होता. हिरवा ठिपका ही सरळ चूक आहे आणि तिची तक्रार करता येते. मला खरा घोर आहे तो तिसऱ्याचा.

904 म्हणजे शेलॅक, आपली लाख. तिच्याशी माझा जुना परिचय आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात मी तीस वर्षं काम केलं. मधाच्या रंगाचे तिचे पापुद्रे आम्ही स्पिरिटमध्ये विरघळवायचो आणि फिरत्या कढईतल्या गोळ्यांवर फवारायचो. स्पिरिट उडून गेलं की गोळी काचेसारखी चमकायची. जेली बीन्सची चकाकी तीच. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि अंगातून राळ सोडून स्वतःभोवती कवच करतात. फांद्या तोडून ते कवच खरवडतात, त्यात किडेही चिरडतात. मग दाणे धुऊन लाल रंग काढतात, वितळवून गाळतात आणि पातळ पत्रे ओढतात. बांगड्यांची लाख ती हीच.

आता नियम पाहा. 2020 च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत किडे धरले आहेत, पण दूध, मध, मधमाशांचं मेण यांच्याबरोबर शेलॅकही त्यातून वगळलं आहे. म्हणजे स्टिकर प्रामाणिक असता आणि पाकिटात फक्त जेली बीन्स असत्या, शेलॅकशिवाय प्राणिज काही नसतं, तर हिरवा ठिपका कायदेशीर ठरला असता. वहिनींना मात्र तो तितकाच खोटा वाटला असता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बजावलं होतं की नुसते सांकेतिक आकडे पुरेसे नाहीत, घटक वनस्पतीपासूनचा की प्राण्यापासूनचा हेही लिहा. मी त्यानंतर घरातली सगळी पाकिटं काढून पाहिली. एकावरही 904 च्या पुढे तसं काही लिहिलेलं नव्हतं.

दुकानदाराने उरलेली पाकिटं परत घेतली, पण फळीवरची तशीच ठेवली. अन्न सुरक्षा खात्याकडे मी स्टिकरच्या फोटोसह तक्रार केली आहे. आकड्यापुढे मराठीत ‘लाख’ ही दोन अक्षरं छापायला किती जागा लागते? ती छापा, मग खायचं की नाही ते वहिनी ठरवतील.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे