निरोपाच्या मेलबद्दल

प्रिय बाळा,

तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. पाच वर्षांची नोकरी आणि शुक्रवारी शेवटचा दिवस, त्यामुळे मन भरून येणारच. पण थोडी कात्री लावू या.

सुरुवातीला बावीस जणांची नावं घेऊन आभार मानलेस. ती यादी काढ. तेविसावा माणूस त्यात स्वतःचं नाव शोधेल आणि त्याला ते सापडणार नाही. ज्यांचं खरंच देणं लागतेस, त्या चारपाच जणांना त्यांच्या टेबलाशी जाऊन भेट.

पुढे लिहिलंयस, ‘काहींची साथ नसतानाही.’ तुझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं तेव्हा तू फोनवर रडली होतीस, ते मी विसरलेले नाही. तो अन्याय खराच होता. पण हे वाक्य सगळेच वाचतील आणि ज्यांनी तुला जीव लावला तेही मनात म्हणतील, हे माझ्याबद्दल तर नाही? एक्झिट इंटरव्ह्यूत मात्र ती गोष्ट नीट सांग, कोणतं काम आणि कधीचं, हे शांतपणे.

‘तुम्ही माझं दुसरं कुटुंब’ हेही नको. असं कुणीही कुणालाही लिहितं. खरी गोष्ट तू तळाशी एका ओळीत दडवली आहेस, तीच वर आण. मी असं लिहिलं असतं:

‘नमस्कार, आज माझा इथला शेवटचा दिवस. वर्षअखेरीच्या त्या रात्री हिशेबात 90 चा फरक येत होता. कुणीतरी माझ्या मागून कागद पाहिला आणि म्हणालं, नऊनं भाग जातोय, आकडे उलटे पडलेत का बघ. 540 च्या जागी मी 450 लिहिले होते. आजही फरक आला की मी आधी नऊनं भागून पाहते. तुमच्याकडून असं पुष्कळ शिकले, मनापासून आभार. माझी चालू कामं सोपवून झाली आहेत. खासगी ईमेल आणि फोन नंबर खाली देते, जरूर बोलत राहा.’

एवढंच पुरे. नवी नोकरी कुठे, पगार किती, हे त्यात नको.

मेल दुपारी पाठव. संध्याकाळी तुझं खातं बंद झालं तर उशिरा आलेली उत्तरं तुला दिसणारच नाहीत. सगळ्यांचे पत्ते बीसीसीत टाक, म्हणजे एकानं ‘रिप्लाय ऑल’ केलं तरी बाकीच्यांकडे पन्नास मेल जाणार नाहीत. बाहेरच्या ग्राहकांना मात्र साहेबांना विचारूनच कळव.

माझे शब्द तसेच्या तसे उचलू नकोस, तुझ्या बोलण्यात आण. आणि शुक्रवारी रात्री फोन कर. त्या नऊनं भागायला सांगणाऱ्यानं काय उत्तर पाठवलं, ते मला ऐकायचंय.

तुझी,
आई