परदेशातलं लग्न मान्य की अमान्य? आधी विचारा, कशासाठी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘परदेशात झालेले बालविवाह आणि बहुपत्नी विवाह सरसकट अमान्य करा’ असा आग्रह धरणारा लेख आपल्या अंकात वाचला. लेखकाचा संताप समजतो. माझं भांडण फक्त ‘सरसकट’ या शब्दाशी आहे. लग्न, घटस्फोट, दत्तक यांच्या परदेशी कागदपत्रांचा अनुवाद करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा शब्द नेमका कुणाच्या मुळावर येतो, ते मी पाहिलं आहे.

एका देशात रीतसर झालेलं लग्न दुसऱ्या देशात सहसा मानलं जातं. तसं नसतं तर विमानातून उतरता उतरता माणसं अविवाहित झाली असती. मात्र प्रत्येक देश आपल्याकडे एक अपवाद राखून ठेवतो. परकीय कायदा लागू केल्याचा परिणाम आपल्या मूलभूत तत्त्वांच्या उघडउघड विरोधात जात असेल, तर तेवढ्यापुरता तो कायदा मानायचा नाही. यालाच सार्वजनिक धोरणाचा अपवाद म्हणतात. यात तपासायचा असतो तो समोरच्या प्रकरणातला परिणाम. तो परकीय कायदा आपल्याला पटतो का, हा प्रश्न नसतो. लेखात नेमकी इथेच गल्लत झाली आहे.

जर्मनीचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2015 मध्ये सीरियात 14 वर्षांच्या मुलीचं 21 वर्षांच्या मुलाशी लग्न झालं. त्याच वर्षी दोघं युद्धातून पळून जर्मनीत पोचले. तिथल्या बालकल्याण खात्याने मुलीला वेगळं ठेवलं, तिच्यासाठी पालक नेमला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हाच्या नियमानुसार न्यायाधीशांनी प्रत्येक प्रकरण वेगळं पाहायचं होतं. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने हे लग्न वैध धरलं. त्यावर गदारोळ झाला आणि 2017 मध्ये संसदेने नवा कायदा केला. लग्नाच्या वेळी जोडीदारांपैकी कुणीही 16 वर्षांखालचं असेल, तर लग्न आपोआप निष्प्रभ. न्यायाधीशाने काही तपासायचंच नाही. आपल्या लेखकांना हवं आहे तेच हे ‘सरसकट’.

हा कायदा घटनात्मक न्यायालयापुढे आला आणि 1 फेब्रुवारी 2023 रोजी त्यावर निर्णय झाला. किमान वय ठरवून त्याखालची परदेशी लग्नं न मानण्याचा अधिकार सरकारला आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही कायदा घटनेशी विसंगत ठरला, आणि त्याची कारणं वाचण्यासारखी आहेत. लग्न झालंच नाही असं म्हटलं की मुलीची पोटगीही गेली. ज्या माणसाच्या भरवशावर ती देश सोडून आली, त्याच्यावर कसलीच जबाबदारी उरली नाही. जिला वाचवण्यासाठी कायदा केला, तिच्याच हातातून हक्क निसटले. शिवाय ती पुढे सज्ञान झाली आणि ‘मला याच माणसाबरोबर राहायचं आहे’ म्हणाली, तर ते लग्न टिकवण्याची सोय कायद्यात नव्हती. दुरुस्तीसाठी न्यायालयाने 30 जून 2024 पर्यंत मुदत दिली. आता तिथे असं लग्न निष्प्रभच राहतं, पण अल्पवयीन जोडीदाराला पोटगी मागता येते आणि सज्ञान झाल्यावर पुन्हा लग्न करून नातं कायम करता येतं. म्हणजे नकार तसाच राहिला. फक्त त्याचा भार मुलीच्या डोक्यावरून उतरवला गेला.

बहुपत्नीत्वाच्या बाबतीत एक जुना ब्रिटिश खटला सांगतो, त्यात आपल्या बाजूचाच एक गृहस्थ आहे. त्याने 1928 मध्ये भारतात हिंदू पद्धतीने लग्न केलं. तेव्हा हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची कायद्याने मुभा होती, त्यामुळे इंग्लंडच्या नजरेत ते लग्न बहुपत्नी प्रकारात मोडत होतं. 1939 मध्ये हा गृहस्थ लंडनच्या होबर्नमध्ये स्वतःला अविवाहित म्हणवून एका इंग्रज बाईशी रजिस्टर लग्न करून मोकळा झाला. पुढे तिला पहिलं लग्न कळलं आणि आपलं लग्न रद्द ठरवा म्हणून ती कोर्टात गेली. आता गंमत पाहा. बहुपत्नी प्रकारातल्या लग्नाला इंग्लिश कोर्टातून घटस्फोट वगैरे मिळणार नाही, हे 1866 च्या हाइड खटल्यापासून ठरून गेलं होतं. मग भारतातलं लग्न इंग्लंडपुरतं नव्हतंच, असं म्हणायचं का? 1946 मध्ये अपील कोर्टाने तसं म्हटलं नाही. माणूस विवाहित आहे, एवढ्या कामापुरतं ते लग्न खरं, म्हणून इंग्लंडमधलं दुसरं लग्न शून्य, असा निकाल लागला. ‘सरसकट अमान्य’ची फूटपट्टी लावली असती तर तो गृहस्थ कायद्याने अविवाहित ठरला असता, आणि फसवली गेलेली बाई त्याची रीतसर पत्नी म्हणून अडकून पडली असती. तेच लग्न एका कामासाठी अपुरं आणि दुसऱ्यासाठी पुरेसं.

आता दत्तकाबद्दल थोडं, कारण लेखात ‘अपॉस्टिल असेल तर प्रश्नच मिटला’ असं एक वाक्य आहे. तो मिटत नाही. अपॉस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्याला जोडलेला दाखला. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. परदेशी कोर्टाचा दत्तक हुकूम, त्यामागे चिकटवलेला तो चौकटीचा कागद, त्यावर दहा क्रमांकांच्या ओळी, खाली शिक्का. “हे झालंय ना, मग नोंद का करत नाहीत?” हा त्यांचा सवाल. त्या दहा ओळी वाचल्या तर उत्तर तिथेच आहे: सही कुणाची, ती कोणत्या हुद्द्यावरून केली, शिक्का कुणाचा, आणि प्रमाणपत्र कधी, कुठे, कुणी दिलं. 1961 च्या हेग कराराचा हा कागद एवढंच सांगतो. हुकूम योग्य आहे की नाही, इथे त्याचा काय परिणाम होईल, यावर तो गप्प असतो. 1993 च्या हेग दत्तक करारातलं प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट. दत्तक त्या करारानुसार झालं असल्याचं ते सांगतं आणि त्यावर सदस्य देशांत दत्तक आपोआप मानलं जातं. नकार द्यायचा तर दत्तक सार्वजनिक धोरणाच्या उघड विरोधात असावं लागतं, तेही मुलाचं हित लक्षात घेऊन. बाईंच्या गठ्ठ्यात ते प्रमाणपत्र नव्हतं. ‘ते कशाला लागतं’ असं एजंट म्हणाला होता म्हणे.

मुलाच्या हिताची अट तिथे उगाच घातलेली नाही. लक्झेंबर्गच्या एका अविवाहित महिलेने 1996 मध्ये पेरूच्या कोर्टातून एक लहान मुलगी पूर्ण दत्तक घेतली. लक्झेंबर्गच्या कायद्यात पूर्ण दत्तक फक्त विवाहित जोडप्यांना घेता येत होतं, म्हणून तिथल्या कोर्टांनी तो हुकूम मानला नाही. पेरूतलं नातं तुटलेलं आणि नवं पुरतं जुळलेलं नाही, अशी मुलगी दोन देशांच्या मधोमध राहिली. तिला लक्झेंबर्गचं नागरिकत्वही मिळालं नाही. शेवटी 28 जून 2007 रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने लक्झेंबर्गला दोषी धरलं. तोवर तिचं बरंचसं बालपण सरून गेलं होतं.

तेव्हा लेखकांना एवढंच विचारायचं आहे. ज्या तरतुदीत परदेशातलं लग्न अमान्य असं लिहायचं, त्याच तरतुदीत त्या मुलीच्या पोटगीचं काय, आणि झालेल्या मुलांचं काय, या दोन ओळी ते कशा लिहितील? त्यांनी त्या लिहून पाठवाव्यात. पुढच्या चर्चेला तिथून सुरुवात करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त अनुवादक