बॉण्डेड गोदाम आणि ड्रॉबॅक : दोन्ही लाडू एका हातात येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उद्योगविषयक पुरवणीत गेल्या आठवड्यात मराठवाड्यातल्या लघुउद्योजकांना निर्यातीसाठी सल्ला देणारा लेख आला होता. कच्चा माल परदेशातून आणणाऱ्यांनी कारखान्याला बॉण्डेड गोदामाचा परवाना घ्यावा म्हणजे आयात शुल्क भरावे लागत नाही, आणि शिवाय निर्यातीवर ड्रॉबॅकही, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काचा परतावाही, मिळतो, असे त्यात म्हटले आहे. पहिले वाक्य बरोबर आहे. ‘शिवाय’पासून पुढचे चूक आहे. ही चूक वाचून कोणी परवान्याचा अर्ज टाकला तर वर्षाला काही लाखांचा फटका बसेल, म्हणून हे पत्र.

मी वाळूजच्या एका यंत्रभाग कारखान्यात वीस वर्षे आयात-निर्यातीची कागदपत्रे सांभाळतो. आमचा माल जर्मनीला जातो. तिथल्या ग्राहकाने ठरावीक गिरणीचेच अलॉय स्टील मान्य केलेले आहे, त्यामुळे त्याच्या ऑर्डरपुरते बार बाहेरून मागवावे लागतात. बाकीच्या निर्यातीला इथलेच पोलाद चालते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

एका खेपेचे आकडे देतो. गोल करून घेतले आहेत. 20 टन बार, किलोला 200 रुपये, म्हणजे 40 लाखांचा माल न्हावाशेवाला उतरतो. त्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे 3 लाख. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, 30 हजार. मग या सगळ्या बेरजेवर, म्हणजे 43 लाख 30 हजारांवर, 18 टक्के आयजीएसटी : 7 लाख 79 हजार 400. बंदरातून माल सुटायच्या आधी खिशातून 11 लाख 9 हजार 400 रुपये जातात. यातला आयजीएसटी इनपुट क्रेडिटमधून आज ना उद्या परत येतो. उरलेले 3 लाख 30 हजार मात्र खर्चात बसतात, आणि तेच परत मिळवण्यासाठी ड्रॉबॅक आहे. जीएसटी आल्यापासून ड्रॉबॅकचा आयजीएसटीशी संबंध उरलेला नाही. अजूनही अनेकांचा इथेच गोंधळ होतो.

आता ड्रॉबॅक किती मिळतो ते पाहू. त्या 20 टनांतून टर्निंगचा भंगार जाऊन 14 टन तयार भाग निघतात, आणि किलोला 500 रुपयांनी 70 लाखांची निर्यात होते. सरकार प्रत्येक वस्तूसाठी एक सर्वसाधारण दर जाहीर करते. तो देशभरच्या कारखान्यांची सरासरी काढून ठरवलेला असतो. तुम्ही नेमके किती शुल्क भरले हे तिथे कोणी विचारत नाही. दर वस्तूगणिक वेगळा असतो, काही ठिकाणी कमाल मर्यादाही असते, पण हिशेबापुरता 2 टक्के धरू. 70 लाखांवर 1 लाख 40 हजार झाले. भरले 3 लाख 30 हजार, परत आले 1 लाख 40 हजार. बहुतेक छोटे कारखानदार इथे हात झटकून मोकळे होतात.

कायद्यात यावर उपाय आहे. 2017 च्या ड्रॉबॅक नियमांतल्या सातव्या नियमाप्रमाणे, सर्वसाधारण दराने मिळणारी रक्कम तुम्ही प्रत्यक्ष भरलेल्या शुल्काच्या 80 टक्क्यांहून कमी पडत असेल, तर तुमच्यापुरता खास दर, म्हणजे ब्रँड रेट, मागता येतो. आमच्या खेपेत 3 लाख 30 हजारांचे 80 टक्के 2 लाख 64 हजार होतात. 1 लाख 40 हजार त्याच्या कितीतरी खाली आहेत. विकल्या जाणाऱ्या भंगाराची थोडी वजावट होईल, ती धरूनही दावा बसतो.

मी स्वतः इथेच फसलो. पहिल्या खेपेच्या वेळी आमच्या कस्टम ब्रोकरने शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या कस्टम कागदात, नेहमीप्रमाणे सर्वसाधारण दराचा अनुक्रमांक टाकला, मी सही केली. एक लाख चाळीस हजार खात्यात जमा झाले, पेढे वाटायचे तेवढे राहिले. दीड महिन्याने मी ब्रँड रेटचा अर्ज करायला बसलो तेव्हा नियमातले एक छोटे वाक्य दिसले : सर्वसाधारण दराने दावा केलेला असेल तर हा अर्ज करता येत नाही. ब्रँड रेट मागणार आहोत हे माल निघतानाच शिपिंग बिलात वेगळ्या पद्धतीने नोंदवावे लागते. भंगाराची वजावट धरून उरलेले पावणेदोन लाखांच्या आसपास त्या एका सहीत गेले. ब्रोकरला दोष देत नाही, मी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या खेपेला नीट केले. मालाला निर्यातीची परवानगी, म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो. उशीर झाल्यास फी भरून मुदत वाढते, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. अर्जासोबत कोणत्या बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयातीच्या कस्टम कागदाचा, किती माल कोणत्या शिपिंग बिलात गेला याचा किलोकिलोचा ताळा लागतो. अर्ज जातो तो निर्यात जिथून झाली त्या ठिकाणच्या सीमाशुल्क आयुक्तांकडे, म्हणजे आमच्यासाठी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर दूर. एका शंकेचे उत्तर द्यायला दोन दिवस मोडतात. ताळा मात्र स्टोअरकीपरच्या वहीवर अवलंबून असतो. देशी आणि विदेशी बार एकाच रॅकवर ठेवले असतील तर जगातला कोणताही सल्लागार तो दावा उभा करू शकत नाही. आम्ही आता विदेशी बारच्या टोकाला पिवळा रंग मारतो आणि हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक, जॉब कार्डावर उतरवतो.

आता बॉण्डेड गोदामाकडे येतो. लेखात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक साधे साठवणीचे गोदाम. माल शुल्क न भरता तिथे ठेवायचा आणि लागेल तसा, शुल्क भरून, काढायचा. पहिल्या 90 दिवसांना व्याज नाही, त्यानंतर शुल्कावर वर्षाला 15 टक्के, आणि मुदत साधारण एक वर्षाची. दर लागतो तो माल बाहेर काढण्याचे बिल भरता त्या दिवशीचा. मधल्या काळात शुल्क वाढले तर वाढीव भरावे लागते. इथे शुल्क भरूनच माल कारखान्यात येतो, म्हणून नंतर ड्रॉबॅक व्यवस्थित मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सीमाशुल्क कायद्याच्या 65 व्या कलमाखाली कारखान्यालाच गोदाम करणे. ऑक्टोबर 2019 पासूनच्या नियमांनी ही वाट बरीच सोपी झाली आहे. बार बॉण्डखाली थेट शेडमध्ये येतात, तिथेच त्यांच्यावर काम होते, तयार भाग निर्यात झाले की त्यांतल्या मालावरचे शुल्क माफ. साठवणीची मुदत नाही, व्याज नाही. कुलपावर अधिकारी बसत नाही, पण शुल्काच्या तिप्पट रकमेचा बॉण्ड, विमा, ठरावीक नमुन्यातले हिशेब आणि दर महिन्याचे विवरण लागते. भंगाराचीही तरतूद आहे : निर्यात मालातून निघालेला भंगार जालन्याच्या भट्ट्यांना विकायचा असेल तर त्यावर भंगार म्हणून जे शुल्क असेल ते भरायचे, बारच्या दराने नव्हे. नोंदच ठेवली नाही तर ते सहा टन कुठे गेले हा प्रश्न तिप्पट बॉण्डासकट समोर येतो.

मग आम्ही हा परवाना का घेतला नाही? कारण ड्रॉबॅकच्या दरपत्रकाच्या अटींतच लिहिले आहे की, ज्या मालावर पूर्णतः किंवा अंशतः 65 व्या कलमाखालच्या गोदामात काम झाले आहे त्याला सर्वसाधारण दर लागू नाही. रोडटेप, म्हणजे निर्यात मालावरचे इतर कुठून परत न मिळणारे कर भरून देणारी योजना, तिलाही तोच न्याय. ‘अंशतः’ हा शब्द पाहा. आमची वर्षाची निर्यात सुमारे 3 कोटींची. त्यात विदेशी पोलादाची एकच खेप, 70 लाखांची. अख्खा कारखाना गोदाम केला तर त्या खेपेवरचे 3 लाख 30 हजार वाचतील, पण देशी पोलादाच्या मालासह सगळ्या 3 कोटींवरचा ड्रॉबॅक, सर्वसाधारण 2 टक्क्यांनी धरला तरी 6 लाख, बुडेल. रोडटेप वेगळाच. ज्यांचा जवळपास सगळा कच्चा माल बाहेरून येतो आणि सगळा तयार माल बाहेर जातो, त्यांनी डोळे झाकून 65 वे कलम घ्यावे. आमच्यासारख्यांनी फक्त एक शेड वेगळी काढून तेवढ्याच जागेचा परवाना घेता येतो, पण मग विदेशी बारसाठी लेथ, ग्राइंडर आणि माणसेही तिथेच लागतात. एका खेपेसाठी ते परवडत नाही. (ॲडव्हान्स ऑथोरायझेशन हा तिसरा रस्ता आहे. तो विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा, विषय, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.)

लेखकाने एक गोष्ट चांगली केली, त्यांनी छोट्या कारखानदारांना हा विषय वाचायला लावला. माझी आपल्याकडे एवढीच विनंती की पुढच्या पुरवणीत ड्रॉबॅकबद्दलचे ते वाक्य दुरुस्त करून छापावे. आमच्याच गल्लीतल्या दोघांनी लेखाचे कात्रण सीएच्या टेबलावर ठेवले आहे, आणि त्यांपैकी एकाचा तर जवळजवळ सगळा माल देशी पोलादाचा आहे.

आपला,
एक वाचक
वाळूज औद्योगिक वसाहत, छत्रपती संभाजीनगर