यादीतले ‘आणि’ कुठे गेले?

मा. संपादक,
स. न.

प्रवेशाच्या, निविदांच्या, गृहसंस्थांच्या जाहीर सूचनांत कागदपत्रांची यादी बहुधा अशी छापली जाते : ‘(अ) आधार कार्ड. (ब) वीजबिल. (क) भाडेकरार.’ तिन्ही आणायचे की त्यांतले एक, हे यातून कळत नाही. तिन्ही हवे असतील तर (अ) पुढे अर्धविराम द्यावा, (ब) पुढे अर्धविराम देऊन त्याच ओळीत ‘आणि’ लिहावे आणि पूर्णविराम (क) नंतर द्यावा. एक पुरत असेल तर ‘आणि’च्या जागी ‘किंवा’. हा शब्द शेवटून दुसऱ्या बाबीच्या अखेरीस एकदाच येतो, पण आधीच्या सगळ्या अर्धविरामांना तोच लागू होतो.

म्हणूनच यादीतली बाब काढली किंवा शेवटी नवी जोडली की हा शब्दही हलवावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद १९(१) च्या इंग्रजी संहितेत ‘अँड’ हा शब्द मालमत्तेच्या हक्काच्या उपखंडाअखेरीस होता. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो उपखंड वगळला. त्याबरोबर ‘अँड’ही जाणार, म्हणून आधीच्या, देशात कुठेही वास्तव्य करण्याच्या हक्काच्या उपखंडाअखेरीस तो घालावा, असे त्याच दुरुस्तीत स्वतंत्रपणे लिहिले आहे. आपल्याकडे नियमावलीला चौथी बाब चिकटवतात आणि ‘आणि’ दुसऱ्या बाबीपाशीच राहून जाते.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीचे नियम जसेच्या तसे उचलल्याने सुटत नाही. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे ‘अर्जदाराने’ अशी सुरुवात करून यादी दिली की शेवटची ओळ ‘(क) भाडेकरार यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात.’ अशी होते, आणि साक्षांकन फक्त भाडेकराराचे हवे असे वाटते. उपाय सोपा आहे. (क) पुढे कोणतेही चिन्ह देऊ नये. ‘यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात.’ हे शब्द खालच्या ओळीत, ‘अर्जदाराने’ जिथून सुरू होते त्याच समासापासून घ्यावेत. पूर्णविराम तिथे, क्रियापदानंतर. याहून चांगले म्हणजे क्रियापद आधीच वापरून घ्यावे : ‘अर्जदाराने पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात :’ आणि मग यादी.

आधार कार्ड सक्तीचे आणि पत्त्यासाठी उरलेल्या दोहोंपैकी एक, असे असेल तर एकाच पातळीवर ‘आणि’ व ‘किंवा’ मिसळू नयेत. (ब) मध्ये ‘पत्त्याचा पुरावा :’ लिहून त्याखाली ‘(१) वीजबिल, किंवा (२) भाडेकरार’ अशी पोटयादी करावी.

ठिपक्यांच्या यादीत प्रत्येक बाब पूर्ण वाक्य असेल तर तिला पूर्णविराम हवाच. नुसती नामे असतील तर चिन्हे गाळली तरी चालतात. मात्र मग मथळ्यातच ‘पुढील सर्व’ किंवा ‘पुढीलपैकी कोणतेही एक’ असे लिहायला हवे.

आपला,
एक मुद्रितशोधक, पुणे